पोह्यांनंतरचे तीन तास
प्रस्तावना

पीसीओएस असलेली मुलगी डॉक्टरांसमोर बसते तेव्हा पाळीबद्दल बोलते. दोन-दोन महिने पाळी येत नाही, हनुवटीवर केस येतात, चेहऱ्यावरचे फोड जात नाहीत. सोबत आलेली आई लग्नाचा विषय काढते. भुकेबद्दल कोणी बोलत नाही. विचारले तर मुलगी आधी आईकडे बघते आणि आई म्हणते, "तिचं तोंडच थांबत नाही हो. जेवून उठली की तासाभरात डबे उघडती." मुलीच्या दृष्टीने ही भूक आजार नसून तिची खोड असते, आणि खोडीची तक्रार डॉक्टरांकडे कोण करणार?

हे पुस्तक त्या भुकेबद्दल आहे. पीसीओएसवर मराठीत जे लिहिले जाते त्यात पाळी, मूल होणे आणि वजन यांना बरीच जागा मिळते. भुकेच्या वाट्याला "गोड टाळा" एवढे दोन शब्द येतात. पण अकरा-साडेअकराला हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, समोर बिस्किटाचा पुडा असेल तर तो संपल्याशिवाय हात थांबत नाही, अशा मुलीला "टाळा" म्हणण्यात काही अर्थ नसतो. ही भूक कुठून येते, ती गोडाचीच का असते आणि ठरावीक वेळेलाच का उठते, याची उत्तरे शरीरशास्त्रात बऱ्याच अंशी मिळतात. काही ठिकाणी मिळत नाहीत, आणि तिथे शास्त्रज्ञांची आपसात भांडणे आहेत. दोन्ही गोष्टी वाचकापुढे ठेवायच्या आहेत.

जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावाला धरून हे लिहिण्याचे कारण साधे आहे. बोरी, चारठाणा, येलदरीकडून एसटीने कॉलेजला येणारी मुलगी सकाळी चहा-बिस्किटावर किंवा चहा-पोह्यांवर घर सोडते आणि दुपारपर्यंत तिला नीट जेवण मिळत नाही. तिच्यासाठी लिहिलेला सल्ला ओट्स आणि ऑलिव्ह तेलाचा असून भागणार नाही.

आधी या आजाराच्या इतिहासाकडे वळू, कारण भूक त्यातून कशी गळली ते तिथेच दिसते. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या स्त्रीरोगतज्ज्ञांनी सात स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले. पाळी बंद, बीजांडे मोठी आणि बारीक गाठींनी भरलेली. त्यांनी बीजांडाचा एक तुकडा कापून काढला आणि पाळी पुन्हा सुरू झाली. साहजिकच पुढची काही दशके हा आजार बीजांडाचा, म्हणून शस्त्रक्रियेचा मानला गेला. गंमत अशी की त्याच्या चौदा वर्षे आधी, १९२१ मध्ये, पॅरिसच्या आशार आणि तिएर यांनी दाढी येणाऱ्या स्त्रियांमधल्या मधुमेहावर लिहून ठेवले होते. केस आणि साखर यांचा संबंध तेव्हाच कागदावर आला होता. फक्त तो स्त्रीरोगतज्ज्ञांच्या टेबलावर पोहोचला नाही.

पोहोचायला एक साधन हवे होते. रक्तातले इन्सुलिन इतके थोडे असते की ते मोजताच येत नव्हते. १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या रोझालिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खूण लावून ते मोजण्याची रीत दिली, आणि तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट दिसली. मोठ्या वयात मधुमेह झालेल्या कित्येकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हते, उलट भरपूर होते. ते होते, पण शरीर त्याला दाद देत नव्हते. १९८० मध्ये बर्घेन आणि सहकाऱ्यांनी पीसीओएस असलेल्या मोजक्या स्त्रियांमध्ये हेच मोजले. जिथे पुरुषी संप्रेरके जास्त, तिथे इन्सुलिनही जास्त. मग १९८९ मध्ये अँड्रिया डुनाइफ यांनी महत्त्वाची शंका फेडली. हे सगळे लठ्ठपणामुळे तर होत नाही ना? त्यांनी सडपातळ स्त्रियाही तपासल्या. इन्सुलिनच्या जोरावर साखर पेशीत घेण्याची क्षमता पीसीओएसमध्ये सुमारे ३५ ते ४० टक्क्यांनी कमी आढळली, आणि वजनाचा हिशेब वेगळा काढला तरी हा फरक उरत होता.

इतके होऊनही आजाराच्या व्याख्येत इन्सुलिन आले नाही. १९९० ची अमेरिकी व्याख्या, २००३ ची रॉटरडॅमची, २००६ ची तिसरी, या सगळ्या पाळी, पुरुषी संप्रेरके आणि सोनोग्राफीतली बीजांडे यांच्याभोवती फिरतात. व्याख्या बदलली की रुग्णांची संख्याही बदलते. मुंबईतल्या तरुण मुलींच्या पाहणीत, जी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, रॉटरडॅमच्या निकषाने २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघाला आणि २००६ च्या निकषाने १०.७ टक्के. मुली त्याच. यापैकी एकाही व्याख्येत "जेवणानंतर किती वेळाने भूक लागते?" हा प्रश्न नाही. जे व्याख्येत नाही ते केसपेपरवर येत नाही, आणि केसपेपरवर नाही ते हळूहळू रुग्णाची खोड ठरते.

आता मूळ यंत्रणा पाहू. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे शरीर इन्सुलिनला पूर्ण बहिरे होणे, असा समज आहे. तो चुकीचा आहे आणि भुकेचे कोडे त्यामुळेच सुटत नाही. हा बहिरेपणा अर्धवट असतो आणि प्रत्येक अवयवात सारखा नसतो. स्नायू साखर आत घ्यायला कमी दाद देतात, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते. पण बीजांड त्या जादा इन्सुलिनला चांगली दाद देते आणि अधिक टेस्टोस्टेरॉन बनवते. यकृतात त्याच इन्सुलिनमुळे टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन कमी तयार होते, त्यामुळे मोकळे टेस्टोस्टेरॉन आणखी वाढते. केस, फोड आणि चुकणारी पाळी यांचा मोठा भाग इथून येतो. भुकेचा धागाही इथूनच निघतो, पण तो बीजांडाकडे न जाता यकृत आणि चरबीकडे जातो. इन्सुलिन रक्तात चढलेले आहे तोवर यकृताला साठवलेली साखर सोडायची मनाई असते आणि चरबीच्या पेशींना चरबी सोडायची. चरबी अडवून ठेवायला तर फार थोडे इन्सुलिन पुरते.

एका मुलीचा दिवस आकड्यांनिशी मांडतो. ही मुलगी अनेक रुग्णांवरून बेतलेली आहे आणि आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत, मात्र ते प्रत्यक्षात दिसतात त्याच पल्ल्यातले आहेत. वय २१, वजन ५२ किलो, म्हणजे लठ्ठ म्हणावी अशी नाही. उपाशीपोटी साखर ९२, अगदी ठीक. उपाशीपोटी इन्सुलिन मात्र १८. तिच्या धाकट्या बहिणीची साखरही ९२, पण इन्सुलिन ५. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून ४०५ ने भागले की होमा नावाचा अंदाज मिळतो. १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दिलेले हे सूत्र आहे. धाकटीचा येतो १.१, थोरलीचा ४.१. साखरेच्या रिपोर्टवर दोघी सारख्या. एकीचे स्वादुपिंड तीच साखर राखायला तिपटीहून जास्त राबते आहे.

सकाळी नऊ वाजता दोघी पोहे आणि दोन चमचे साखरेचा चहा घेतात. भरल्या ताटलीत साठ ग्रॅम कोरडे पोहे धरले तर त्यात सुमारे ४५ ग्रॅम कर्बोदके आणि चहातली दहा ग्रॅम साखर. पंचावन्न ग्रॅम हा आकडा मोठा वाटत नाही. पण माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी साखर असते जेमतेम साडेचार-पाच ग्रॅम. म्हणजे तासा-दीड तासात तिच्या दहापट साखर रक्तातून पार व्हायची आहे. धाकटीच्या शरीरात इन्सुलिन लगेच वाढते, तासाभरात ५० च्या आसपास जाते, स्नायू साखर उचलतात, इन्सुलिन उतरते. अकरापर्यंत तिचे यकृत पुन्हा स्वतःची साखर थोडी थोडी सोडू लागते. साडेबारापर्यंत तिला जेवणाची आठवणही होत नाही.

थोरलीचे तसे होत नाही. पहिल्या इन्सुलिनला स्नायू पुरेशी दाद देत नाहीत. पावणेदहाला साखर १५६ वर जाते आणि तिथे रेंगाळते. साखर उतरत नाही हे पाहून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओतत राहते. दहाला ते १६० आहे, अकराला अजून १३०. एव्हाना आतड्यातले पोहे बरेचसे संपलेले असतात, म्हणजे वरून साखर येणे मंदावलेले असते, पण इन्सुलिन दुसऱ्या तासातही पहिल्या तासासारखेच जोरात असते. इथे वाचक विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की शरीर दाद देत नाही तर साखर खाली कशी येईल? याचे उत्तर त्या अर्धवट बहिरेपणात आहे. पुरेसे इन्सुलिन ओतले की अर्धवट बहिरा स्नायूही ऐकतो. तो उशिरा ऐकतो, आणि ऐकतो तेव्हा इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त साठलेले असते. यकृताचे दार बंद, चरबीचे दार बंद, आणि पोह्यांचा पुरवठा आटलेला. पावणेबाराला साखर ६८.

साखर सत्तरच्या खाली घसरू लागली की मेंदू वाट बघत बसत नाही. ॲड्रेनॅलिन सुटते. हात थरथरतात, घाम येतो, छातीत धडधड होते आणि भूक खवळते. भीतीच्या वेळी जे होते तेच, फक्त भ्यायला समोर काही नसते. आपल्याकडे याला "बीपी लो झालं" म्हणतात आणि मीठ-साखरेचे पाणी देतात. साखरेमुळे बरे वाटते, म्हणून निदान पक्के होते, आणि पुढच्या वेळी बीपी मोजायची गरजही वाटत नाही.

त्या क्षणी तिला भाकरी नको असते. गोड हवे असते. ही नुसती सवय नाही हे दाखवणारा एक चांगला प्रयोग येल विद्यापीठात कॅथलीन पेज आणि सहकाऱ्यांनी केला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांची साखर शिरेतून नियंत्रित करून साधारण ६७ पर्यंत हलकेच उतरवली आणि त्यांना पदार्थांची चित्रे दाखवत मेंदूची प्रतिमा घेतली. साखर उतरलेली असताना इच्छा आणि बक्षिसाशी संबंधित भाग जास्त उजळले, आणि लोकांना जास्त उष्मांकाचे पदार्थ अधिक हवेसे वाटले. साखर नेहमीइतकी असताना मात्र आवर घालणारा, कपाळामागचा भाग जास्त सक्रिय होता, विशेषतः सडपातळ लोकांत. घरातले लोक जिला "मनावर ताबा ठेव" म्हणतात, तिच्या मेंदूतला ताबा ठेवणारा भाग नेमका त्याच वेळी कमी जोरात चालतो.

चहा आणि अर्धा पुडा बिस्किटे खाऊन दहा मिनिटांत तिला बरे वाटते. मग तेच चक्र नव्याने सुरू होते, कारण बिस्किटे म्हणजे मैदा आणि साखर, आणि पहिले इन्सुलिन अजून पुरते उतरलेले नसते. चार वाजता पुन्हा तीच वेळ येते. रात्री ती म्हणते, "दिवसभर खातच होते आणि दिवसभर उपाशीच होते." दोन्ही खरे असते.

इथपर्यंतचे चित्र एकसंध वाटते, आणि जे फार एकसंध वाटते त्यावर थोडा संशय घ्यावा. भुकेच्या अभ्यासकांत दोन गट आहेत. एक गट, ज्याचे ठळक नाव बॉस्टनचे डेव्हिड लुडविग, म्हणतो की जादा इन्सुलिन इंधन साठवणीत कोंडते, रक्तात इंधन कमी पडते आणि म्हणून भूक लागते. १९९९ मध्ये त्यांनी लठ्ठ किशोरवयीन मुलांना झटकन साखर वाढवणारे जेवण दिले, तेव्हा नंतर हवे तितके खाऊ दिल्यावर मुलांनी मध्यम गतीच्या जेवणानंतरच्यापेक्षा ५३ टक्के जास्त खाल्ले. दुसऱ्या गटातले केव्हिन हॉल म्हणतात, इन्सुलिनला एवढे श्रेय देऊ नका. २०२१ मध्ये त्यांनी वीस जणांना रुग्णालयात ठेवून दोन प्रकारचे आहार दिले. ज्या आहाराने साखर आणि इन्सुलिन जास्त वाढत होते, त्या कमी चरबीच्या आहारावर लोकांनी उलट कमी उष्मांक खाल्ले.

माझा कौल असा. इन्सुलिन वाढणे हेच भूक लावते, असे म्हणणे पुराव्यापुढे टिकत नाही. जेवणानंतर ते सगळ्यांचेच वाढते आणि बहुतेकांची भूक त्या वेळी शमते. फरक पडतो तो घसरणीने आणि ती कधी होते याने. २०२१ मध्येच, हजाराहून अधिक निरोगी लोकांच्या अंगावर साखर मोजणारे सेन्सर लावून केलेल्या अभ्यासात दिसले की न्याहारीनंतर दोन-तीन तासांनी ज्यांची साखर मूळ पातळीच्या खाली जास्त घसरते ते पुढच्या जेवणाला लवकर बसतात आणि दिवसभरात सरासरी सुमारे ३०० उष्मांक जास्त खातात. साखर किती वर चढली यावरून भुकेचा अंदाज तितका येत नव्हता. हॉल यांचे लोक पीसीओएसचे नव्हते, आणि लुडविग यांची मुलेही नव्हती. ज्यांचे इन्सुलिन उशिरा येते आणि उशिरा जाते, त्यांच्यावर घसरणीचे हे गणित जास्त लागू पडावे, असे मला वाटते. पण "वाटते" हा शब्द मी मुद्दाम ठेवतो.

पण घसरण हे सगळे उत्तर नाही, याचा पुरावा असा की काही मुलींची साखर मोजली तर घसरलेली दिसतच नाही आणि भूक तरी असते. तिथे पोट आणि मेंदू यांच्या संवादाकडे बघावे लागते. जेवणानंतर भूक लावणारे घ्रेलिन हे संप्रेरक खाली जायला हवे. लिसा मोरान आणि सहकाऱ्यांच्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये ते पुरेसे उतरले नाही आणि त्यांना जेवूनही कमी तृप्ती वाटली. स्वीडनमध्ये हिर्शबर्ग यांच्या गटाला दिसले की जेवणानंतर पोट भरल्याची खबर देणारे कोलेसिस्टोकायनिन या स्त्रियांत कमी वाढते. दोन्ही अभ्यास २००४ च्या सुमाराचे आणि लहान आहेत.

मेंदूची बाजू त्याहून जुनी आहे. १९७९ मध्ये स्टीफन वूड्स आणि सहकाऱ्यांनी बबून माकडांच्या मेंदूतल्या पोकळीत अगदी थोडे इन्सुलिन सोडले आणि माकडे कमी खाऊ लागली. म्हणजे मेंदूत इन्सुलिन "पुरे" असा निरोप देते. २००० मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या पेशींमधून इन्सुलिनचा ग्राहक काढून टाकला, तर मादी उंदीर जास्त खाऊ लागले. नरांत तसा फरक आढळला नाही. स्नायूंबरोबर मेंदूही दाद देईनासा झाला तर रक्तात इन्सुलिन भरपूर असून "पुरे" हा निरोप पोहोचत नाही, असा अंदाज त्यावरून बांधला जातो. पीसीओएसच्या स्त्रियांच्या मेंदूत नेमके असेच घडते याचा थेट पुरावा अजून पक्का नाही. तरीही ज्या मुलीला पूर्ण जेवण झाल्यावर ताट ढकलावेसे वाटत नाही, तिची तक्रार या बाजूने तपासायची. अकराच्या थरथरीची तक्रार वेगळी. दोन भुका एकाच नावाने ओळखल्या जातात, म्हणून उपायही चुकतो.

सडपातळ मुलीचा प्रश्न महाराष्ट्रात स्वतंत्र लिहावा लागतो, आणि त्याचा मोठा अभ्यास आपल्याच राज्यात झाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला. ही बाळे सरासरी २.७ किलोची जन्मली, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. मात्र खेड्यातल्या बाळांत स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून राहिलेली होती. २००४ मध्ये लॅन्सेट मासिकात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२. स्नायू कमी म्हणजे साखर उचलणारी जागाच कमी. म्हणून बावन्न किलोच्या मुलीला "तू तर बारीक आहेस, तुला कसला इन्सुलिन रेझिस्टन्स" असे म्हणणे आपल्याकडे धोक्याचे आहे, आणि ते दवाखान्यातही ऐकू येते.

मग ओळखायचे कसे? इथे उत्साहाला आवर घालावा लागतो. इन्सुलिनची तपासणी सगळ्यांनी करून घ्यावी असे हे पुस्तक सांगत नाही. पीसीओएसची २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही नेहमीच्या उपचारात ती करायला सांगत नाहीत, कारण तिचे आकडे प्रयोगशाळेनुसार बदलतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन साखर पाहणे मात्र निदानाच्या वेळी आणि पुढे एक ते तीन वर्षांनी सांगितलेले आहे; मधुमेहाकडे वाटचाल होते का हे त्यातून कळते. तीच तपासणी पुढे तीन-चार तास लांबवून "साखर घसरते" असे निदान करण्याची पद्धत फसवी आहे. रिकाम्या पोटी नुसते ग्लुकोज प्यायल्यावर निरोगी माणसांचीही साखर कधीकधी घसरते, आणि कोणी रोज ग्लुकोजचे पाणी न्याहारी म्हणून पीत नाही.

त्यापेक्षा थरथर होते त्या वेळीच बोटातून साखर पाहावी, नेहमीची न्याहारी झालेली असताना. लक्षण, त्याच वेळी कमी साखर, आणि काही खाल्ल्यावर लक्षण जाणे, ही तिन्ही एकत्र दिसली तर घसरणीचा संशय पक्का होतो. घरगुती यंत्राला पंधरा अंकांपर्यंतची चूक माफ असते, हे विसरू नये. ७० म्हणजे ५५ किंवा ८५ असू शकते. एका आकड्यावरून काही ठरवू नये. साखर ५५ च्या खाली मिळाली, चक्कर येऊन पडली, किंवा न जेवता, पहाटे, रात्री साखर घसरली, तर ते पीसीओएसच्या खात्यावर टाकू नये. त्यामागे दुसरे कारण असू शकते आणि त्यासाठी फिजिशियन गाठावा.

हे पुस्तक उपायांकडे याच धाग्याने जाते. गोड सोडण्यापासून सुरुवात केली तर अकराची घसरण तशीच राहते आणि तिला तोंड द्यायला हातात काही नसते. दोन-चार दिवस निग्रह, मग एका संध्याकाळी सगळा डबा. पीसीओएसमध्ये असे कडक बंधन आणि मग भरमसाट खाणे यांचे प्रमाण जास्त आढळते. म्हणून आम्ही नऊच्या ताटलीपासून सुरू करतो. पोहे सोडायला सांगत नाही. पोहे अर्धे, त्यात मूठभर शेंगदाणे आणि मोड आलेली मटकी, सोबत एक उकडलेले अंडे किंवा वाटीभर दही, आणि चहातली साखर एक चमचा. प्रथिने आणि चरबीमुळे पोट हळू रिकामे होते, साखर बेताने चढते, आणि स्वादुपिंडाला दुसऱ्या तासात इतके ओतावे लागत नाही. न्याहारीनंतर कॉलेजला जाताना पंधरा मिनिटे चालणे झाले तर तेही मोलाचे, कारण चालणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर उचलतो.

सकाळी जास्त आणि रात्री कमी खावे का, याला थोडा आधार आहे. डॅनिएला याकुबोविच यांनी २०१३ मध्ये साठ सडपातळ पीसीओएस स्त्रियांवर अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला ९८० उष्मांकांची न्याहारी आणि १९० चे रात्रीचे जेवण, दुसऱ्या गटाला उलट. दिवसाची बेरीज सारखीच. नव्वद दिवसांनी भरपूर न्याहारीच्या गटात ग्लुकोज चाचणीतले इन्सुलिन ५४ टक्क्यांनी आणि मोकळे टेस्टोस्टेरॉन ५० टक्क्यांनी उतरले. अभ्यास लहान आहे आणि इतका मोठा परिणाम दुसऱ्या कोणाला मिळेपर्यंत मी त्याला शेवटचा शब्द मानणार नाही. पण रात्री नऊनंतर सगळे घर एकत्र जेवते आणि सकाळी फक्त चहा घेते अशा आपल्या रीतीला तो नेमका छेद देतो.

ज्वारीबद्दल दोन शब्द, कारण परभणीच्या मातीत तिच्याबद्दल अभिमान आहे आणि अभिमानाने हिशेब चुकतो. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातही सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात. भाकरी बिस्किटापेक्षा कितीतरी बरी, पण नुसत्या ठेच्याबरोबर तीन भाकरी खाल्ल्या तर दुपारी तीनला डोळे मिटतात आणि पाचला भूक लागते. तीच दीड-दोन भाकरी, घट्ट वरण किंवा पिठले आणि भाजी अशी झाली की चित्र बदलते. धान्य कोणते यापेक्षा त्याच्या जोडीला काय आणि किती, हे या पुस्तकात वारंवार येईल.

औषधांचा भाग आम्ही थोडक्यात ठेवला आहे. मेटफॉर्मिन १९९० च्या दशकापासून पीसीओएसमध्ये वापरले जाते आणि इन्सुलिन कमी करते. १९९६ मध्ये नेस्लर आणि याकुबोविच यांनी दाखवले की इन्सुलिन उतरले की बीजांडातले टेस्टोस्टेरॉनही उतरते. भूक त्याने काहींची कमी होते, काहींची होत नाही. ते दुकानातून स्वतःहून आणून घेण्याचे औषध नाही.

एक प्रकरण मात्र आम्ही लांब लिहिले आहे, उपवासाचे. चतुर्थी, एकादशी, गुरुवार, नवरात्र असे महिन्यातले किती दिवस तरुण मुलींच्या वाट्याला येतात ते मोजून पाहा. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. शंभर ग्रॅममध्ये सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके आणि प्रथिने एक ग्रॅमहूनही कमी. सकाळपासून रिकामे पोट, दुपारी साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा, वर गोड चहा. जिचे इन्सुलिन उशिरा उतरते तिच्यासाठी घसरणीची याहून पक्की तजवीज करता येणार नाही. उपवास सोडा असे सांगून कोणी ऐकत नाही, आणि सांगण्याचा अधिकारही आमचा नाही. भगरीसोबत दाण्याची दाट आमटी, ताक, पनीर किंवा दही, खिचडीत साबुदाणा निम्मा आणि दाण्याचे कूट दुप्पट, आणि सकाळी पूर्ण रिकामे पोट न ठेवता दूध व मूठभर शेंगदाणे, अशी उपवासाची ताटे तिथे वजनासकट दिली आहेत. ती जिंतूरच्या बाजारात मिळणाऱ्या जिनसांतून होतात, आणि देव्हाऱ्यापुढे चालतात की नाही हे घरातल्या आजीला आधीच विचारून ठेवले आहे.